आठ फुटांवरून फोर-के दिसतं का?

कोपरखैरण्यात माझे मामा राहतात. सिडकोच्या काळातलं घर, हॉलची रुंदी दहा फूट. एका भिंतीला टीव्ही, समोरच्या भिंतीला सोफा. सोफ्याला पाठ टेकून बसलं की डोळ्यापासून पडदा आठ फुटांवर येतो, म्हणजे साधारण २४४ सेंटिमीटर. ठाण्यात वर्तकनगरला जा नाहीतर नेरुळला, वन बीएचकेमध्ये हे अंतर फार बदलत नाही. अशा हॉलमध्ये बहुतेक जण ४३ इंची टीव्ही घेतात आणि खोक्यावर हमखास ‘4K Ultra HD’ लिहिलेलं असतं. या लेखात फक्त एवढंच बघायचंय की इतक्या अंतरावरून, इतक्या पडद्यावर ते फोर-के डोळ्यापर्यंत पोचतं का, आणि रोज संध्याकाळी आपण जे लावतो त्यात ते मुळात असतं का.

आधी पडद्याची मोजमापं बघू. ४३ इंच हा कर्ण झाला. पडदा प्रत्यक्षात सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो. फुल एचडीमध्ये या रुंदीत १९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. फोर-केमध्ये त्याच रुंदीत ३८४० ठिपके, म्हणून ठिपका पाव मिलिमीटरचा. रुंदीत दुप्पट आणि उंचीतही दुप्पट, त्यामुळे एकूण ठिपके चौपट होतात: फुल एचडीचे सुमारे २१ लाख, फोर-केचे सुमारे ८३ लाख. जाहिरातीत ‘चौपट स्पष्ट’ म्हणतात ते यावरून. ठिपके चौपट आहेत हे खरंच आहे. चौपट दिसतात का, हे मात्र टीव्ही ठरवत नाही.

ते ठरवतो डोळा, आणि डोळ्याची मर्यादा आपण सगळ्यांनी चष्म्याच्या दुकानात मोजून घेतलेली असते. सहा मीटरवर टांगलेल्या तक्त्यावरची ‘६/६’ची ओळ आठवा. त्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि त्याची एकेक रेघ पावणेदोन मिलिमीटर जाडीची. ती ओळ वाचता आली तर नजर व्यवस्थित आहे असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला सहा मीटरवरून पावणेदोन मिलिमीटरचा तपशील वेगळा करता येतो. अंतर कमी झालं की त्याच प्रमाणात बारीक दिसतं. सोफ्यावरून, म्हणजे २४४ सेंटिमीटरवरून, त्रैराशिक मांडलं तर उत्तर येतं ०.७१ मिलिमीटर.

आता हा आकडा ठिपक्यांशेजारी ठेवा. डोळ्याची हद्द ०.७१, फुल एचडीचा ठिपका ०.५, फोर-केचा ०.२५. फुल एचडीचा ठिपकाच हद्दीच्या आत गेलेला आहे, मामांना तो सुटा दिसतच नाही. मग त्याचे आणखी चार तुकडे केल्याने त्यांना नवं काय दिसणार?

इथे थोडं थांबायला हवं, कारण चष्म्याच्या तक्त्याचा हिशेब जरा ढोबळ आहे. ६/६ ही उत्तम नजर नसून चालेल अशी नजर आहे. तरुण डोळे, किंवा नंबर नीट काढलेला चष्मा, त्याहून बारीक बघतात. २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये याचीच मोजणी प्रसिद्ध केली. काळ्या-करड्या बारीक पट्ट्या दाखवून त्यांनी डोळ्याची हद्द शोधली, तेव्हा ती तक्त्याच्या हिशेबापेक्षा सुमारे दीडपट बारीक निघाली. आपल्या सोफ्यावर ती मांडली तर ०.७१च्या जागी ०.४५ मिलिमीटर येते. म्हणजे फुल एचडीचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका या कडक मापाने हद्दीच्या केसभर बाहेर राहतो. प्रयोगशाळेत, स्थिर पट्ट्यांवर, लक्ष देऊन बघितलं तर मामांच्या सोफ्यावरून फुल एचडी आणि फोर-के यांत काहीतरी फरक पकडता येईल. पळत्या चित्रात, मालिकेतल्या चेहऱ्यांवर, साठीच्या डोळ्यांनी तो फरक पकडता येईल असं मला वाटत नाही.

दोन्ही मापं एकत्र केली की मोजपट्टीने वापरता येईल असा हिशेब तयार होतो. पडद्याच्या इंचांना चारने गुणा आणि उत्तर सेंटिमीटरमध्ये वाचा. त्याहून जवळ बसत असाल तर फोर-के स्पष्ट उपयोगी पडतं. सहाने गुणून येणाऱ्या अंतराच्या पलीकडे बसत असाल तर फुल एचडी आणि फोर-के तुमच्यासाठी एकच. मधला पट्टा वादाचा. ४३ इंचासाठी हे आकडे १७२ आणि २५८ येतात. मामा २४४वर आहेत, म्हणजे वादाच्या पट्ट्याच्या पार शेवटच्या टोकाला. ३२ इंचाच्या टीव्हीसाठी १२८ आणि १९२ येतात, तेव्हा तिथे आठ फुटांवरून विषयच संपतो. ३२ इंची टीव्ही बाजारात बहुतेक ‘एचडी रेडी’च, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी ठिपक्यांचे मिळतात आणि त्यात ग्राहकाची काही फसवणूक होत नाही, ती याच कारणाने.

शोरूममध्ये मात्र फरक अगदी ढळढळीत दिसतो, आणि तोही खोटा नसतो. वाशीला किंवा ठाण्यात गोखले रोडला टीव्ही बघताना आपण भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे असतो. तीन फूट म्हणजे ९० सेंटिमीटर, आणि १७२च्या खूप आत. शिवाय पडद्यावर कंपनीने दिलेला डेमो चालू असतो: पोपटाची पिसं, कापलेलं डाळिंब, रात्रीचं शहर. हे खास फोर-केमध्ये शूट केलेलं आणि फारसं न दाबलेलं चित्र असतं. घरी गेल्यावर अंतर अडीचपट होतं आणि पोपटाच्या जागी बातम्या येतात.

जवळून बघायच्या गोष्टींना हा हिशेब उलट बाजूने लागू होतो. तोच ४३ इंची पडदा टेबलावर ठेवून त्यावर एक्सेल उघडलं, अंतर ७० सेंटिमीटर, तर फुल एचडीची अक्षरं खरबरीत दिसतात आणि फोर-केची गुळगुळीत. अक्षरांच्या तिरप्या कडांवरच्या पायऱ्या तर डोळा आपल्या नेहमीच्या हद्दीपेक्षाही बारीक पकडतो, म्हणून मजकुरासाठी जास्त ठिपके नेहमीच कामी येतात. घरून काम करणाऱ्या कुणी टीव्हीचाच मॉनिटर केला असेल तर त्याने फोर-केच घ्यावं, त्यात दुमत नाही.

मोबाइलचं उत्तर त्या मानाने लवकर संपतं. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर तक्त्याच्या हिशेबाने डोळ्याची हद्द सुमारे ०.०९ मिलिमीटर येते आणि साध्या फुल एचडी फोनचा ठिपका ०.०६च्या आसपास असतो. सोनीने २०१५ मध्ये साडेपाच इंचाचा फोर-के फोन काढला होता, एक्सपीरिया झेड-फाइव्ह प्रीमियम. बॅटरी वाचावी म्हणून त्याचा पडदा बहुतेक वेळ फुल एचडीवरच चालायचा, फोटो आणि व्हिडिओ उघडले तरच फोर-के. पुढे याच कंपनीने २०२४च्या आपल्या मुख्य फोनमधून फोर-के पडदा काढूनच टाकला.

आता दुसरी बाजू: पडद्यावर येतं काय? मामांच्या घरी संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत केबल चालते. मालिका, मध्ये बातम्या, परत मालिका. भारतातलं साधं, म्हणजे एसडी प्रक्षेपण ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. गुणाकार केला तर सव्वाचार लाखाच्या आत येतो. टीव्हीच्या पडद्यावर ८३ लाख ठिपके आहेत आणि ते सगळे पेटवावेच लागतात. म्हणजे वाहिनीकडून आलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे टीव्हीला सुमारे वीस ठिपके रंगवायचे असतात. एक खरा, एकोणीस अंदाजाने. टीव्हीतली चिप आजूबाजूचे रंग बघून मधले रंग भरते, कडा थोड्या तीक्ष्ण करते. महागड्या टीव्हीत हा अंदाज बरा असतो, स्वस्तात चेहरे मेणाचे दिसतात. तरीही नसलेला तपशील कुठलीच चिप परत आणू शकत नाही.

एसडीचा ठिपका ४३ इंची पडद्यावर पसरला की तो उंचीत ०.९ मिलिमीटरच्या पुढे आणि रुंदीत १.३ मिलिमीटरचा होतो. मघाची हद्द आठवा: ढोबळ मापाने ०.७१, कडक मापाने ०.४५. एसडीचा ठिपका दोन्हींच्या बाहेर आहे. त्यामुळे आठ फुटांवरून एसडी आणि एचडी यांतला फरक मामांना, मामींना, शेजारच्यांना, सगळ्यांना दिसतो. एचडी आणि फोर-के यांतला दिसत नाही. पैसे मात्र लोक दुसऱ्या फरकासाठी मोजतात आणि पहिला तसाच राहू देतात.

मामांकडे नेमकं हेच झालं होतं. टीव्ही नवा, फोर-के, आणि त्यांची तक्रार अशी की जुन्या टीव्हीवर चित्र जास्त बरं होतं. “अरे, पैसे वाया गेले बघ. तोंडं सगळी पुसट दिसतात.” मी टीव्हीच्या मागे हात घालून बघितलं तर केबलचा सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने जुनी जोडणी होती तशीच पुढे लावून दिली होती. या तिघांपैकी चित्र फक्त पिवळ्या वायरीतून येतं आणि त्यातून एसडीच्या वर काहीही जाऊ शकत नाही. तुम्ही एचडी वाहिनीचे पैसे भरत असलात तरी ती त्या वायरीत एसडी होऊनच उतरते. वर रंग आणि उजेड एकाच तारेतून मिसळून येत असल्यामुळे कडांवर रंग सांडतात, अक्षरांभोवती मुंग्या चालल्यासारखं दिसतं. जुना टीव्ही लहान होता, म्हणून हे सगळं त्यात झाकलं जात होतं.

बॉक्सला मागे एचडीएमआयचं भोक होतं, वायर खोक्यातच पडून होती. ती लावली. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये गेलो, तिथे आउटपुट 576i वर, म्हणजे एसडीवर होतं, ते 1080i, म्हणजे फुल एचडी केलं. ही दुसरी पायरी लोक विसरतात. वायर बदलली तरी बॉक्स जुन्याच मापात चित्र पाठवत राहतो आणि मग “काही फरक पडत नाही” असं वाटतं. तिसरी गोष्ट वाहिनीची. मामांच्या पॅकमध्ये मराठी मालिकांच्या वाहिन्या होत्या, पण एसडी. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या तिन्हींच्या एचडी आवृत्त्या वेगळ्या क्रमांकावर असतात आणि त्यांची किंमतही वेगळी लागते. केबलवाल्याला फोन करून त्यातल्या दोन सुरू करून घेतल्या.

“आता हे फोर-के झालं का?” मामींनी विचारलं.

“नाही मामी, हे फुल एचडी.”

“मग फोर-के कुठे असतं?”

प्रश्न बरोबर होता. केबलवर आणि डीटीएचवर ते जवळपास कुठेच नसतं. भारतात डीटीएच कंपन्यांनी २०१५च्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमाराला फोर-के बॉक्स आणले, काही सामने दाखवले, पण रोजच्या वाहिन्या काही त्या वाटेला गेल्या नाहीत. कारण सरळ आहे. फोर-केला जागा जास्त लागते, आणि तेवढ्या जागेत कितीतरी साध्या वाहिन्या बसतात, ज्यांचं उत्पन्न जास्त.

फोर-के येतं ते इंटरनेटवरून, आणि तेही अटींवर. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवलेले भारतातले दर बघा: ४९९ रुपयांच्या पॅकमध्ये फुल एचडीपर्यंत, फोर-के फक्त ६४९च्या पॅकमध्ये. वरच्या दीडशे रुपयांत एकाच वेळी दोनऐवजी चार पडदे चालतात, आणि माझ्या मते बरीच घरं ते चार पडद्यांसाठीच देतात. शिवाय ६४९ भरले तरी यादीतला प्रत्येक सिनेमा फोर-के होत नाही. जुने सिनेमे, टीव्हीवरून आलेल्या मालिका फुल एचडीच असतात. सिनेमाच्या धंद्यात तर वर्षानुवर्षं सिनेमाची शेवटची प्रत ‘टू-के’मध्ये तयार झाली आहे, म्हणजे रुंदीत २०४८ ठिपके, फुल एचडीहून किंचित जास्त. थिएटरातले बरेच पडदे आजही टू-केच आहेत. वीस-पंचवीस फूट रुंद पडद्यावर २०४८ ठिपके बघून आपण कधी तक्रार केली नाही, आणि घरी पंच्याण्णव सेंटिमीटरमध्ये ३८४० हवे म्हणतो. अशा टू-के सिनेमाला ‘4K’ची पाटी लागते तेव्हा तो बहुतेक वेळा नंतर फुगवलेला असतो.

तुमच्या पडद्यावर या क्षणी काय येतंय हे यूट्यूबवर तपासणं सोपं आहे. व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकावर जा आणि ‘Stats for nerds’ सुरू करा. कोपऱ्यात एक काळी चौकट उघडते. त्यातली एक ओळ बघायची:

```
Current / Optimal Res   1280x720@25 / 1280x720@25
```

पहिली जोडी म्हणजे आत्ता पडद्यावर येणारं चित्र, @ नंतरचा आकडा सेकंदाला किती चित्रं ते सांगतो. मामींचं कीर्तन 1280x720 निघालं, पुरणपोळीचा व्हिडिओ 1920x1080. 3840x2160 दिसलं ते कोकणातल्या एका ड्रोनच्या व्हिडिओवर. यात यूट्यूबचा दोष नाही. लोक जसं चढवतात तसंच खाली येतं, आणि मोबाइलवर शूट करणारे बहुतेक जण फुल एचडीवरच ठेवतात, कारण फोर-केची फाइल जड होते.

याच चौकटीमुळे एक गमतीची गोष्ट कळते. फुल एचडी पडद्यावरसुद्धा यूट्यूबचा दर्जा 1080pवरून 2160pवर, म्हणजे फुल एचडीवरून फोर-केवर नेला की चित्र थोडं सुधारलेलं दिसतं. पडद्यावर तर ठिपके तेवढेच आहेत, मग हे कसं? कारण 2160p निवडल्यावर यूट्यूब दर सेकंदाला कितीतरी जास्त माहिती पाठवतं. व्हिडिओ नेहमी दाबून पाठवला जातो, आणि जास्त दाबला की पावसात, गर्दीत, मैदानाच्या गवतात चौकोन उमटतात. जास्त माहिती आली की ते चौकोन कमी होतात. म्हणजे ‘फोर-केने फरक पडला’ असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा फरक ठिपक्यांमुळे पडलेला नसतो, कमी दाबलेल्या चित्रामुळे पडलेला असतो. फुल एचडीची ब्लू-रे डिस्क सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत चित्र देऊ शकते, तर फोर-केसाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानतं. डिस्क जुन्या पद्धतीने दाबलेली असते, त्यामुळे हे आकडे एकास एक लावता येत नाहीत, पण नुसत्या पाटीवरून दर्जा ओळखू नये एवढं त्यावरून कळतं.

सेकंदाला १५ मेगाबिट म्हणजे तासाला पावणेसात जीबी. घरच्या फायबरला याचं काही वाटत नाही. फोनवर रोजचा दोन जीबीचा पॅक असेल तर मात्र तो अठरा मिनिटांत संपेल, आणि तेही फोनच्या पडद्यावर न दिसणाऱ्या तपशिलासाठी. म्हणून फोनवर दर्जा 1080p किंवा 720pवर बांधून ठेवणं शहाणपणाचं.

मग घेताना काय करावं? ४३ इंचात फुल एचडी टीव्ही आता शोधावाच लागतो, दुकानदार फोर-केच दाखवतो. तेव्हा फोर-के घ्या, फक्त त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. तेच पैसे पडद्याच्या उजेडात घाला. उजेड निट्स या मापात मोजतात. स्वस्त ४३ इंची टीव्हीचा उजेड बहुधा २५० ते ३०० निट्स असतो, आणि खोक्यावर ‘HDR’, म्हणजे उजेड आणि अंधार यांत जास्त फरक दाखवणारं चित्र, असं लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की तसलं चित्र आलं तर टीव्ही ते नाकारणार नाही. तसं चित्र हजार निट्स धरून बनवलेलं असतं, ते तीनशेमध्ये दाखवताना टीव्ही उजेड दाबतो आणि कधीकधी साध्या चित्रापेक्षाही काळवंडलेलं दिसतं. दिवसा गॅलरीचं दार उघडं असलेल्या हॉलमध्ये उजेड किती आणि काळा रंग किती गडद, हे आठ फुटांवरून लगेच कळतं.

आणि भिंतीवर जागा असेल तर मोठा पडदा. ५५ इंचाला चारने गुणलं तर २२० येतात, मामांच्या २४४च्या जवळ. ६५ इंचाला २६०, म्हणजे तिथे मामा आतच बसतात आणि फोर-केचे पैसे खरोखर वसूल होतात. पण त्यांच्या टीव्हीच्या एका बाजूला देवघर आणि दुसऱ्या बाजूला मामींचं शिलाई मशीन आहे. त्या दोन्हींपैकी काही हलणार नाही, त्यामुळे ४३च.